रुबार्बचं देठ खायचं, मग पान का नाही?

"नमस्कार मॅडम, मी राजारामपुरीत राहते. लेक लीड्सला असते, मे महिन्यात तिच्याकडे जायचंय. तिच्या घरामागं रुबार्ब लावलेलं आहे, पानं अळूएवढी मोठी होतात. देठांचा जॅम ती करते, मागच्या खेपेला खाल्ला, छान लागला. पण एवढी पानं टाकून देतात ते बघून जीव हळहळतो. म्हटलं बेसन लावून वड्या करू, तर शेजारची बाई म्हणाली पान विषारी असतं. एकाच झाडाचं देठ खायचं आणि पान विष, हे खरं का? विष म्हणजे असतं तरी काय त्यात? चिंच घालून नीट शिजवलं तर चालत नाही का? घरात अडीच वर्षांचा नातू आहे, आणि मला दोन वर्षांपूर्वी मुतखडा झालेला. — कोल्हापूरची एक वाचक"

ताई, शेजारची बाई बरोबर बोलली. रुबार्बच्या पानांच्या वड्या करायच्या नाहीत, भाजी करायची नाही, चिंच घालूनही नाही, उकळून पाणी फेकूनही नाही. तुमच्या घरात अडीच वर्षांचं मूल आहे आणि तुमची किडनी आधीच एकदा त्रास देऊन गेलेली आहे, त्यामुळं हे आधीच स्पष्ट लिहिलं. आता का, ते नीट सांगते, कारण नुसतं "विषारी आहे" म्हटलं की लोकांना वाटतं उगाच घाबरवतायत, आणि मग कोणीतरी करून बघतंच.

पानात जे मुख्य सापडतं त्याचं नाव ऑक्झॅलिक ॲसिड. हे काही परदेशी प्रकरण नाही, आपल्या रोजच्या भाज्यांमध्ये पण असतं. पालकात असतं, चुक्यात असतं, राजगिऱ्याच्या पानात असतं, कुंडीत आपोआप उगवणारी ती तीन पानांची आंबोशी असते ना, तिच्या आंबटपणात पण हेच असतं. चुका तर रुबार्बच्याच कुळातला आहे, म्हणजे कपिलतीर्थ मार्केटला अळूबरोबर जी चुक्याची जुडी आपण घेतो तिचा हा थंड प्रदेशातला नातेवाईक म्हणायचा. म्हणून नुसतं "ऑक्झॅलिक ॲसिड आहे म्हणून विष" एवढ्यावर विषय संपत नाही, तसं असतं तर आपण सगळेच पालक खाऊन आजारी पडलो असतो.

हे ॲसिड अंगात गेल्यावर करतं काय, तर कॅल्शियमला धरतं. ऑक्झॅलिक ॲसिड आणि कॅल्शियम भेटले की कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार होतं, आणि ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही, त्याचे बारीक खडे होतात. हे पोटात, म्हणजे आतड्यातच झालं तर फारसं बिघडत नाही, तो खडा शोषला जात नाही, तसाच बाहेर पडतो. पण खाण्यात ऑक्झॅलिक ॲसिड खूप असेल आणि ते विरघळलेल्या रूपात असेल तर ते आतड्यातून रक्तात जातं आणि तिथलं कॅल्शियम पकडायला लागतं. रक्तातलं कॅल्शियम म्हणजे फक्त हाडांसाठी नसतं बघा, स्नायू आखडणं-सुटणं, नसांचे संदेश, हृदयाचे ठोके हे सगळं त्याच्या नेमक्या प्रमाणावर चालतं, ते प्रमाण खाली आलं की हातापायाला मुंग्या, पेटके, फार खाली गेलं तर झटके आणि हृदयाच्या लयीत गडबड. आणि दुसरीकडं ते खडे किडनीच्या बारीक नळ्यांमध्ये जाऊन बसतात, नळ्या तुंबतात, लघवी कमी होते. म्हणजे एकच पदार्थ दोन बाजूंनी त्रास देतो, एक रक्तातलं कॅल्शियम कमी करून आणि एक किडनी बंद पाडून. जास्त खाल्लेल्या माणसाला आधी तोंडात-घशात जळजळ, मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब असं होतं, किडनीचा त्रास मागून समजतो, आणि म्हणूनच "उलटी झाली, बरं वाटलं" म्हणून सोडून देऊ नये.

आता प्रमाणाचं बघू, कारण खरी गंमत नाही म्हणणार मी, पण खरा प्रश्न इथंच आहे. रुबार्बच्या ताज्या पानात शंभर ग्रॅममागे साधारण अर्धा ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड धरतात. जात कुठली, पान कोवळं की जून, ऋतू कुठला यावर ते बरंच कमीजास्त होतं. मोठ्या माणसाला जीवघेणं ठरू शकेल असं प्रमाण पुस्तकांत सहसा १५ ते ३० ग्रॅम दिलेलं असतं, पण साधारण ५ ग्रॅमनंही माणूस दगावल्याची नोंद आहे. हिशोब केला तर १५ ग्रॅमसाठी तीन किलो पानं खावी लागतील, आणि ५ ग्रॅमच्या हिशोबानं एक किलो. एका बैठकीत एक किलो पालेभाजी कोण खातं?

तुमच्या वड्यांचाच हिशोब करू. समजा अर्धा किलो पानं घेतली, बेसन लावलं, गुंडाळलं, वाफवलं, तळलं, आणि चौघांनी खाल्लं. अर्ध्या किलोत साधारण अडीच ग्रॅम, चौघांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वाशे ग्रॅम पान आणि सहाशे-साडेसहाशे मिलिग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड. आणि शंभर ग्रॅम कच्च्या पालकात किती असतं, तर ६०० ते ९०० मिलिग्रॅम! म्हणजे कागदावर बघितलं तर रुबार्बची वडी आणि पालकाची भाजी सारखीच दिसते. इथंच बरेच जण म्हणतात की मग हे सगळं थोतांड आहे, पान खुशाल खा.

पण लोक खरोखर आजारी पडलेत, आणि ते काय एक-एक किलो पानं खाऊन नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अन्नाची टंचाई झाली, तेव्हा भाजीपाल्याला पर्याय म्हणून रुबार्बची पानं शिजवून खा असं लोकांना सुचवलं गेलं होतं, १९१७ च्या आसपासची गोष्ट. लोकांनी नेहमीच्या पालेभाजीसारखी करून खाल्ली, जेवणात खातो तेवढीच, आणि विषबाधेच्या केसेस यायला लागल्या, माणूस दगावल्याचीही नोंद झाली. अमेरिकेतल्या वैद्यकीय जर्नलमध्ये १९१९ साली रुबार्बच्या पानांमुळं झालेल्या मृत्यूचा रिपोर्ट छापून आलाय. तेव्हा डॉक्टरांनी दोष ऑक्झॅलिक ॲसिडवरच ठेवला आणि पुढं तेच पाठ होत गेलं, पण वरच्या हिशोबाशी ते नीट जुळत नाही.

म्हणून संशय दुसऱ्या एका गटावर पण आहे, त्याचं नाव अँथ्राक्विनोन ग्लायकोसाईड. नाव अवघड आहे पण वस्तू ओळखीची आहे, आपली सोनामुखी जी पोट साफ व्हायला घेतात ना, तिच्यात ज्यामुळं जुलाब होतात ते द्रव्य याच गटातलं. आणि काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी रेवंदचिनी तर रुबार्बच्याच भाईबंदांचं मूळ आहे, हिमालयात आणि चीनमध्ये होणाऱ्या जातींचं, आणि तीही शेकडो वर्षं रेचक म्हणूनच वापरतात. ही अँथ्राक्विनोनं रुबार्बच्या पानात पण असतात. पोटात कळा, जुलाब, उलट्या हा जो त्रास पानं खाल्लेल्यांना झाला त्यात यांचा हात असावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. पण पक्कं सिद्ध झालेलं नाही, आणि ते मुद्दाम सांगते, कारण इंटरनेटवर कोणी छातीठोकपणे एकच नाव सांगत असेल तर ते अर्धवट आहे. ऑक्झॅलिक ॲसिड आहे हे नक्की, ते घातक ठरू शकतं हेही नक्की, पण पानाचा सगळा त्रास एकट्या त्याचाच आहे असं म्हणता येत नाही.

आणि यातूनच तुमच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर निघतं, शिजवून का चालत नाही.

आपल्याकडं अळूचा अनुभव असतो. पावसाळ्यात अळू आलं की कोणाच्या तरी घशाला खाज सुटतेच, मग चिंच जास्त घाला, आमसूल टाका, अजून शिजवा असं चालू होतं. अळूत पण ऑक्झॅलेटच असतं, पण खाज येते ती वेगळ्या कारणानं. तिथं कॅल्शियम आणि ऑक्झॅलिक ॲसिड एकत्र येऊन पानाच्या पेशीत आधीच अतिशय बारीक सुया तयार झालेल्या असतात. कॉलेजमध्ये मुलांना मायक्रोस्कोपखाली दाखवायचो आम्ही, अळूच्या देठाचा पातळ काप पाण्याच्या थेंबात ठेवला की दोन्ही टोकांना निमुळत्या अशा लांबट सुयांच्या जुड्याच्या जुड्या दिसतात, काही तर बघता बघता पेशीतून सुटून पाण्यात पसरतात. त्या सुया जिभेला, घशाला टोचतात म्हणून खाज. चिंच आणि भरपूर शिजवणं यानं ती खाज कमी होते हा आपल्याकडचा पिढ्यांचा अनुभव आहे आणि तो खरा आहे.

रुबार्बच्या पानात मात्र जे काळजीचं आहे ते विरघळलेलं ॲसिड आणि त्याचे विरघळणारे क्षार. सुई टोचते तरी आणि माणूस खायचा थांबतो, इथं तसं काही होईलच असं नाही, नुसतं आंबट लागेल, आणि आपल्याला तर आंबट पालेभाजी आवडतेच, चुका-अंबाडी खाणारी माणसं आपण. चिंच टाकून यातलं काहीही कमी होत नाही, आंबटात आंबट फक्त. कुकरला तीन काय सहा शिट्ट्या केल्या तरी ऑक्झॅलिक ॲसिड त्या तापमानाला मोडत नाही. उकळून पाणी फेकलं तर विरघळणारा भाग बराच पाण्यात उतरतो हे खरं आहे, पालकाच्या बाबतीत ते करतातही, पण रुबार्बच्या पानात नेमकं किती उतरलं, किती राहिलं आणि त्या दुसऱ्या संशयिताचं काय झालं हे चुलीपाशी उभं राहून कळायला काही मार्ग नाही. आणि वडीत तर पाणी फेकण्याचा प्रश्नच येत नाही ना, पान बेसनात गुंडाळून वाफवलं की जे पानात आहे ते सगळं वडीतच राहतं.

अजून एक, पालेभाजी हिरवीगार राहावी, लवकर शिजावी म्हणून बऱ्याच घरात चिमूटभर खायचा सोडा टाकतात. रुबार्बच्या पानात ते सगळ्यात वाईट. सोड्यातल्या सोडियमबरोबर ऑक्झॅलिक ॲसिडचा जो क्षार होतो तो पाण्यात विरघळणारा असतो, म्हणजे जे आतड्यातून रक्तात जायला नको तेच जायला सोपं होतं. चव पण मवाळ होते, आंबटपणा कमी लागतो, म्हणजे माणूस उलट जास्त खातो. चांगलं करायला जाऊन त्रास वाढवायचा हा प्रकार आहे.

आता देठ का चालतं. देठात विष नसतंच असं समजू नका, ऑक्झॅलिक ॲसिड देठात पण असतं, सहसा पानापेक्षा कमी, पण अगदी नगण्य नाही. देठाचा आंबटपणा मुख्यतः मॅलिक ॲसिडचा, जे सफरचंदात असतं, आणि ते निरुपद्रवी आहे. शिवाय देठ कोणी ताटभर भाजी म्हणून खात नाही, भरपूर साखर घालून जॅम, नाहीतर वरून खुसखुशीत थर लावून भाजतात ते क्रम्बल, आणि बरोबर कस्टर्ड. ते कस्टर्ड दुधाचं असतं हे फार चांगलं आहे, दुधातलं कॅल्शियम पोटातच त्या ॲसिडला पकडतं आणि खडा होऊन बाहेर जातं, रक्तापर्यंत पोचायचं प्रमाण घटतं. तुमची लेक ज्या भागात राहते तिथं तर रुबार्ब म्हणजे मोठं पीक, वेकफिल्ड, मॉर्ली, रॉदवेल या गावांमधल्या पट्ट्याला रुबार्बचा त्रिकोणच म्हणतात, तिथं हिवाळ्यात अंधाऱ्या शेडमध्ये वाढवलेली कोवळी गुलाबी देठं नावाजलेली आहेत. पिढ्यान् पिढ्या ती माणसं देठ खातात आणि पान टाकतात, ती रीत अनुभवातून आलेली आहे.

देठ काढताना काय बघायचं ते सांगते, कारण मे महिन्यात तुम्ही तिथं असाल तेव्हा बागेतला रुबार्ब ऐन भरात असेल. देठ सुरीनं कापत नाहीत, बुडाशी धरून थोडं पिरगाळून ओढलं की सुटून येतं. मग पान जिथून सुरू होतं तिथं देठाचं वरचं टोक पसरट होतं आणि त्याच्या दोन्ही कडांना हिरवी पात चिकटलेली असते, ती पण जाऊ द्यायची, म्हणजे पानाच्या बुडाशी अगदी काटकसर न करता बोटभर देठ पानाबरोबरच कापून टाकायचं. रंगावर जाऊ नका, देठ लाल असलं म्हणजे पिकलेलं आणि हिरवं म्हणजे कच्चं किंवा विषारी असं काही नाही, काही जातींची देठं हिरवीच असतात आणि तितकीच खाण्याजोगी असतात. पण रात्री कडक थंडी, बर्फाचं दव पडून पानं काळवंडली आणि देठ लुळं, मऊ पडलं असेल तर ते देठ घेऊ नका. थंडीनं मार खाल्लेल्या झाडात पानातलं ऑक्झॅलिक ॲसिड देठात उतरू शकतं म्हणून तिथले माळी अशी देठं टाकून देतात, नवीन कोंब येईपर्यंत थांबतात. मे महिन्यात उत्तर इंग्लंडमध्ये अधूनमधून अशी रात्र येते, म्हणून सांगितलं. शिजवायला स्टीलचं पातेलं घ्या, ॲल्युमिनियम किंवा कल्हई गेलेलं पितळ-तांबं नको, एवढं आंबट त्यात शिजवलं की धातू पदार्थात उतरतो.

नातवाचं बघू. अडीच वर्षांचं मूल बारा-तेरा किलोचं असतं, मोठ्या माणसाच्या पाचवा हिस्सा, म्हणजे मोठ्याला ज्याला एक किलो पान लागेल त्या हिशोबानं मुलाला दोनशे ग्रॅम पुरेल. एवढं कच्चं पान मूल आपणहून खाईल असं वाटत नाही, आंबट-तुरट लागतं, एक घास चावून थुंकेल. पण तेच वडीत, गोडसर-तिखट चवीत आलं तर दोन-तीन वड्या सहज पोटात जातात, आणि म्हणून वडीची काळजी मला कच्च्या पानापेक्षा जास्त वाटते. तो बागेत पान चावताना दिसलाच तर आधी तोंडातलं काढा, ओल्या फडक्यानं तोंड आतून पुसा, थोडं दूध पाजा, दुधाचं कारण वर आलंच आहे. उलटी काढायला लावू नका, बोट घालू नका, मीठपाणी तर अजिबात देऊ नका, ॲसिड वर येताना घसा परत भाजतो आणि लहान मुलात ते श्वासनलिकेत जायची भीती. किती खाल्लं असेल, कधी खाल्लं, ते लक्षात ठेवा, शक्य असेल तर उरलेलं पान जपून ठेवा आणि तिथल्या १११ नंबरला फोन करा, ते पुढं काय करायचं सांगतात. सारख्या उलट्या, तोंडातून खूप लाळ, पेटके, सुस्ती, श्वासाला त्रास, लघवी लाल किंवा फार कमी, यातलं काहीही दिसलं तर ९९९. मूल गुंगीत असेल किंवा उलट्या चालू असतील तर दूधही पाजत बसायचं नाही. दवाखान्यात रक्तातलं कॅल्शियम बघतात, कमी असेल तर शिरेतून देतात, सलाईन लावून लघवी आणि किडनीवर लक्ष ठेवतात.

तुमच्या मुतखड्याचं मात्र जरा सविस्तर, कारण तुम्ही पान सोडाल पण देठाचा जॅम रोज पोळीला लावून खाल. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचेच असतात, म्हणजे वर ज्या खड्याचं सांगितलं तोच. तुमचा खडा पडल्यावर किंवा काढल्यावर तपासायला पाठवला होता का, त्याचा रिपोर्ट असेल तर काढून बघा, त्यात ऑक्झॅलेट लिहिलेलं असेल तर देठ पण कधीतरी, चवीपुरतं, एखादा-दोन चमचे जॅम, आणि तोही दुधाच्या कशाबरोबर तरी. रिपोर्ट नसेल तर ऑक्झॅलेटचाच होता असं धरून चाला आणि जायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. बऱ्याच जणांना वाटतं खडा कॅल्शियमचा आहे म्हणून दूध-दही बंद करावं, तसं करू नका, जेवणातलं कॅल्शियम कमी केलं की आतड्यात ऑक्झॅलेट पकडायला कोणी राहत नाही, ते जास्त शोषलं जातं आणि लघवीत उतरतं. पाणी मात्र थंडी आहे म्हणून कमी पिऊ नका, तिकडं गेलं की आपल्या बायकांचं पाणी हमखास कमी होतं. आणि कोल्हापूरला परत आल्यावरही हाच नियम, पालक आणि अळू पण तुमच्यासाठी अधूनमधूनच. रोज सकाळी पालकाचा कच्चा ज्यूस पिऊन किडनी बिघडल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत, "हिरवं म्हणजे चांगलं" हे मुतखडा झालेल्या माणसाला सरसकट लागू होत नाही.

पानं वाया जातात याचं वाईट वाटतं ते मला कळतं, आपल्या घरात फ्लॉवरचा पाला सुद्धा टाकत नाहीत. तर ती पानं लेकीला कंपोस्टमध्ये टाकायला सांगा, कुजताना ऑक्झॅलिक ॲसिड मोडून जातं, खताला काहीही होत नाही आणि त्या खतावर वाढलेल्या भाजीत ते येत नाही. फक्त शेजाऱ्यांचा ससा, बकरी, कोंबड्या असतील तर त्यांना घालू नका, जनावरांना पण या पानांनी विषबाधा होते. आणि वड्या करायच्याच असतील, आणि लीड्सला जाऊन लेकीला-जावयाला वड्या खायला घालायची हौस मोडू नये असं मलाही वाटतं, तर तिथं केल नावाची पालेभाजी दुकानात सगळीकडं मिळते, तिच्यात ऑक्झॅलेट अगदी कमी असतं. कुरळ्या पानांची नको, लांब सपाट गडद पानांची जात मिळते ती घ्या, मधली जाड शीर लाटण्यानं चेचून सपाट करा, मीठ टाकलेल्या उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढा म्हणजे पान गुंडाळताना चिरणार नाही. अळूचं पान रुंद असतं, हे अरुंद आहे, म्हणून दोन-दोन पानं शेजारी ठेवून थोडी एकमेकांवर चढवायची आणि बेसन जरा घट्ट भिजवायचं. चिंच-गूळ नेहमीसारखं. कोबीची मोठी बाहेरची पानं पण चालतात, तीही आधी तशीच उकळत्या पाण्यातून काढून. वाफवायला पंधरा-वीस मिनिटं, पूर्ण गार झाल्यावरच कापा, गरम कापल्या तर केलच्या वड्या सुटतात.